रॅम भरपूर, तरी ऑनबोर्ड ग्राफिक्स रखडते: एकट्या स्टिकचा दोष ओळखणे आणि दूर करणे

लक्षणे

संगणक झटकन सुरू होतो, फाइली उघडायला वेळ लागत नाही, टायपिंग अडखळत नाही. पण पडद्यावर काही हलू लागले की यंत्राला धाप लागते. लग्नाचा व्हिडिओ जोडताना प्रिव्ह्यू थांबत थांबत चालतो, फोटोशॉपमध्ये मोठ्या फलकावर झूम केले की चित्र ओढल्यासारखे सरकते, साधा गेमसुद्धा सर्व सेटिंग्ज खाली आणूनही तुटक दिसतो आणि दुसरा मॉनिटर जोडताच पहिल्यावरचे कामही जड होते. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर बहुधा एकच चित्र दिसते: ग्राफिक्स ९५ ते १०० टक्के, प्रोसेसर जेमतेम तीस टक्के आणि निम्म्याहून अधिक रॅम रिकामी. हे तिन्ही आकडे एकाच वेळी असे दिसले, तर पुढे लिहिलेला दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

याउलट, विंडोज सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील किंवा प्रत्येक क्लिकनंतर डिस्कचा वापर शंभरावर जात असेल, तर दोष जुन्या हार्डडिस्कमध्ये शोधावा. ब्राउझरच्या चार खिडक्यांत रॅम नव्वद टक्के भरत असेल, तर रॅम अपुरी आहे. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल आणि मॉनिटरची केबल त्या कार्डालाच जोडलेली असेल, तर त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते, त्यामुळे या लेखातील उपायांनी त्याच्या चित्रात फारसा फरक पडणार नाही.

बेळगावात शहापूर भागात माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर इथून येणाऱ्या यंत्रांमध्ये हा एक दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की, गिऱ्हाईक लक्षणे सांगत असतानाच माझी नजर कॅबिनेटच्या स्क्रूंकडे जाते. त्यामागचे कारण बाजारात आहे. संगणक घेताना आपल्याला हमखास सांगितले जाते की १६ जीबी रॅमची एकच स्टिक, म्हणजे एकच पट्टी टाका, दुसरी जागा मोकळी राहील, पुढे वाढवता येईल. वेगळे ग्राफिक्स कार्ड असणाऱ्या यंत्रासाठी हा सल्ला ठीक आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रासाठी तो बहुतेक वेळा नुकसानीचा ठरतो, आणि ती ‘पुढची’ वेळ आली तरी दुसरी स्टिक चुकीच्या जागी बसवली जाते, असा माझा अनुभव आहे.

असे का होते

ज्याला आपण ऑनबोर्ड ग्राफिक्स म्हणतो, ते आता मदरबोर्डवर नसून प्रोसेसरच्या आत असते आणि त्याला स्वतःची वेगळी मेमरी नसते. ते संगणकाच्या रॅममधूनच वाचते आणि तिथेच लिहिते. डीडीआर४ रॅमचे एक चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांमधली एक वाट, एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट नेते. ३२०० वेगाची रॅम सेकंदाला ३२० कोटी वेळा अशी ने-आण करते. म्हणून एका चॅनलची कमाल बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, ८ गुणिले ३२०० म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी एवढी होते. दोन चॅनल एकत्र चालले की तीच ५१.२ जीबी होते. स्टिक १६ जीबीची असो वा ३२ जीबीची, ती एकटी असेल तर एकच चॅनल वापरात येते. रॅम किती आहे आणि ती किती वेगाने पोचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गिऱ्हाइकाला सहसा पहिल्याचेच उत्तर मिळालेले असते.

पडद्यावर नुसते स्थिर चित्र ठेवायलाही बँडविड्थ लागते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक पूर्ण चित्र ८.३ एमबीचे होते, आणि ते सेकंदाला ६० वेळा वाचावे लागते, म्हणजे जवळपास अर्धा जीबी तिथेच जातो. फोर-के पडद्याला हाच आकडा चौपट, सुमारे २ जीबी होतो. हे झाले फक्त तयार चित्र दाखवण्याचे. ते तयार होत असताना पोत, खोली, थर, पारदर्शकता यांसाठी तेच ठिपके अनेकदा वाचले आणि लिहिले जातात, आणि त्याच वाटेवरून प्रोसेसरचे कामही चाललेले असते. प्रोसेसरला त्याच्या कॅशचा मोठा आधार असतो, म्हणून टायपिंग किंवा हिशेबाच्या कामात एकट्या स्टिकचा त्रास जाणवत नाही. ग्राफिक्सचा ओघ मात्र कॅशमध्ये मावणारा नसतो.

टास्क मॅनेजरमधल्या त्या १०० टक्क्यांनी फसगत होते, तीही इथेच. त्या आकड्याचा अर्थ ग्राफिक्सच्या हाती सतत काम आहे, एवढाच असतो. ते काम करत आहे की रॅमकडून माहिती येण्याची वाट पाहत आहे, हे त्यातून कळत नाही. आकडा पाहून लोक ‘ग्राफिक्स कमी पडते’ असे म्हणतात आणि कार्डाच्या मागे लागतात.

मेमरीचा वेग ग्राफिक्सला किती लागतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण या क्षेत्रात आहे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. त्याची बँडविड्थ ४८ जीबी होती. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड आले, ज्याची बँडविड्थ १६.८ जीबी होती. नाव तेच होते, पण गेममध्ये दुसरे कार्ड पहिल्याच्या कितीतरी मागे पडत असे.

पहिली तपासणी: पडद्यावरूनच, काही न उघडता

निपाणीच्या एका फोटो स्टुडिओचा संगणक मागच्या लग्नसराईत माझ्याकडे आला होता. पुढच्या सर्व तपासण्या मी त्याच यंत्राच्या आधाराने सांगतो, कारण त्यात एकाऐवजी तीन चुका एकावर एक बसल्या होत्या. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बोर्ड चार स्लॉटचा, वेगळे कार्ड नाही. मालकांनी आधी १६ जीबीच्या एका स्टिकवर वर्ष काढले होते, मग कुणीतरी सांगितले म्हणून कोल्हापुराहून तेवढीच दुसरी आणून स्वतः बसवली होती. फरक शून्य. “रॅम बघून झाली, दादा. बत्तीस जीबी दाखवतंय. आता कार्डच टाकूया,” असे म्हणत त्यांनी यंत्र टेबलावर ठेवले.

टास्क मॅनेजर उघडून `Performance` मध्ये `Memory` वर जावे. तिथे उजवीकडे खाली `Speed` आणि `Slots used` या दोन नोंदी असतात. `Slots used` समोर `1 of 2` किंवा `1 of 4` दिसले, तर निदान जवळजवळ तिथेच झाले. लॅपटॉपमध्ये `Form factor` समोर `Row of chips` दिसले, तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, असे समजावे. स्टुडिओच्या यंत्रावर `2 of 4` आणि वेग २४०० दिसत होता. दोन स्टिक आहेत हे यावरून कळले, पण त्या दोन वेगवेगळ्या चॅनलवर आहेत की नाहीत, हे टास्क मॅनेजर सांगत नाही. बहुतेक लोक याच ठिकाणी थांबतात.

पुढची पायरीही फुकटचीच आहे. पॉवरशेल उघडून ही आज्ञा द्यावी:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, BankLabel, ConfiguredClockSpeed, PartNumber
```

प्रत्येक स्टिकची एक ओळ येते. स्टुडिओच्या यंत्रावर दोन्ही ओळींत `P0 CHANNEL A` असेच लिहून आले. दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर बसल्या होत्या. एकीसमोर `A` आणि दुसरीसमोर `B` असायला हवे होते. काही बोर्डांवर ही नावे वेगळ्या धाटणीची असतात किंवा अपुरी असतात. तेव्हा CPU-Z हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्याच्या `Memory` पानावर `Channel #` पाहावे. तिथे `Single` किंवा `1 x 64-bit` असेल तर एकच चॅनल, `Dual` किंवा `2 x 64-bit` असेल तर दोन. त्याच पानावरची `DRAM Frequency` खऱ्या वेगाच्या निम्मी दिसते, म्हणजे ३२०० ची रॅम तिथे १६०० च्या आसपास दिसणे बरोबरच आहे. ‘अर्ध्या वेगाची रॅम माथी मारली’ अशी तक्रार घेऊन आलेल्या दोघांना मी हे समजावून घरी पाठवले आहे.

डीडीआर५ असेल तर इथे जास्त सावध राहावे. डीडीआर५ च्या एकाच स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन उपचॅनल असतात. त्यामुळे एकटी स्टिक असूनही `2 x 32-bit` असे दिसते आणि ‘दोन’ वाचून माणूस निश्चिंत होतो. दोन्ही मिळून ६४ बिटच झाले. डीडीआर५ च्या खऱ्या जोडीला तिथे `4 x 32-bit` दिसायला हवे.

इंटेलच्या लॅपटॉपवर याहूनही सोपी खूण सापडते. २०२० मध्ये आलेल्या अकराव्या पिढीच्या आय५-११३५जी७ सारख्या प्रोसेसरचे ग्राफिक्स आयरिस एक्सई या नावाने विकले जाते; पण मेमरी १२८ बिट, म्हणजे दोन चॅनलची असेल तरच ते नाव लागू होते. एकट्या स्टिकवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Intel Iris Xe Graphics` ऐवजी `Intel UHD Graphics` असे दिसते. खोक्यावर एक नाव आणि पडद्यावर दुसरे दिसल्यामुळे फसवणूक झाल्याच्या समजुतीने खानापूरचा एक विद्यार्थी दुकानदाराशी भांडून आला होता. मोकळ्या स्लॉटमध्ये ८ जीबीची दुसरी स्टिक बसवली आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले तेव्हा नाव आपोआप बदलले.

या टप्प्यावर एक मोजमाप घेऊन ठेवावे, म्हणजे नंतर तुलना करता येते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून ही आज्ञा द्यावी आणि येणारा एमबीचा आकडा कागदावर लिहावा:

```
winsat mem
```

हा आकडा गणिताने काढलेल्या कमाल बँडविड्थशी तंतोतंत जुळत नाही आणि जुळण्याची गरजही नाही. आपल्याला फक्त आधीचा आणि नंतरचा फरक हवा असतो. लॅपटॉपवर हे मोजताना चार्जर लावलेला असावा.

दुसरी तपासणी: स्टिक कुठे बसली आहे

इथे कॅबिनेट उघडावे लागते, पण खर्च काही नाही. यंत्र बंद करून वीजजोडणी पूर्ण काढावी, सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे म्हणजे उरलेला भार निघून जातो, आणि स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा.

दोन स्लॉटच्या बोर्डावर दोन्ही स्लॉट सहसा वेगवेगळ्या चॅनलचे असतात. तिथे चूक होण्याजोगे काही नाही. चार स्लॉटच्या नेहमीच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजत गेल्यास ए१, ए२, बी१, बी२ असा क्रम असतो. दोन स्टिक असतील तर त्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असाव्यात. आपली सहज प्रवृत्ती दोन्ही शेजारी लावण्याची असते, आणि शेजारचे दोन स्लॉट एकाच चॅनलचे असतात. काही बोर्डांवर जोडीचे स्लॉट एका रंगाचे असतात, पण अनेक बोर्डांवर चारही काळेच असतात. म्हणून बोर्डावर छापलेली बारीक अक्षरे टॉर्च लावून वाचावीत किंवा पुस्तिका पाहावी. रंगावर विसंबू नये.

स्टुडिओच्या यंत्रात स्टिक पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये होत्या. एक काढून चौथ्यात बसवली, दुसरी दुसऱ्यात ठेवली. बसवताना स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा. टोकाचा चिमटा ‘टक्’ असा आवाज करून बंद झाला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच टोकाला चिमटा असतो, आणि तिथे दुसरे टोक अर्धवट राहिलेले नजरेला दिसत नाही. मालक शेजारी उभे होते. एवढ्याने काय होणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

यंत्र सुरू केल्यावर पॉवरशेलमध्ये एका ओळीत `CHANNEL A` आणि दुसऱ्या ओळीत `CHANNEL B` आले. वेग अजून २४०० च होता. पण बँडविड्थ ८ गुणिले २४०० म्हणजे १९.२ वरून थेट दुप्पट, ३८.४ जीबी झाली होती. एक रुपया खर्च झाला नव्हता.

स्टिक हलवल्यानंतर पहिल्यांदा यंत्र सुरू होताना पडदा काही वेळ काळा राहू शकतो, कारण बोर्ड नव्या मांडणीची जुळणी करून पाहत असतो. डीडीआर५ मध्ये यासाठी काही मिनिटेही लागू शकतात. घाबरून मधेच वीज काढू नये. आमच्याकडे नेमकी त्याच वेळी वीज जाते, म्हणून हे काम यूपीएसवर करावे.

तिसरी तपासणी: दुसरी स्टिक आहे, पण दिसत नाही

दोन्ही स्टिक योग्य जागी असूनही `Slots used` मध्ये एकच दिसत असेल, तर पावसाळ्यात पहिला संशय संपर्कपट्टीवर घ्यावा. खानापूर तालुक्यात, विशेषतः जंगलाकडच्या गावांत, जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की धूळ आणि ओल मिळून सोनेरी पट्टीवर पातळ थर बसतो. कॅबिनेट भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेले असेल तर हे लवकर होते. यंत्र बिघडल्यासारखे वाटतच नाही, कारण उरलेल्या एका स्टिकवर ते सुरळीत सुरू होते. फक्त ग्राफिक्स मंदावते. काही गिऱ्हाइकांना हा त्रास दरवर्षी होतो आणि ते दरवर्षी विंडोज नव्याने टाकून घेतात.

स्टिक बाहेर काढून सोनेरी पट्टीवर स्वच्छ पांढरे खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावे, भुकटी ब्रशने झाडावी आणि मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावे. स्लॉटमध्ये खोडरबर, सुई किंवा पिन घालू नये. तिथे ब्लोअरची हवा पुरे. तरीही स्टिक दिसली नाही, तर प्रत्येक स्टिक एकटी करून आधी ए२ मध्ये आणि मग बी२ मध्ये लावून पाहावी. एखादी स्टिक कुठेच चालत नसेल तर ती स्टिक खराब आहे. दोन्ही स्टिक ए२ मध्ये चालत असतील आणि बी बाजूच्या कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नसतील, तर दोष स्टिकचा नाही. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

चौथी तपासणी: रॅम छापील वेगाने चालते का

स्टिकवर ३२०० लिहिले आहे म्हणून ती ३२०० वर चालते असे नाही. अनेक स्टिकचा तो वेग एक्सएमपी नावाच्या नोंदीत साठवलेला असतो आणि बायोसमध्ये जाऊन चालू केल्याशिवाय लागू होत नाही. तोवर ती २१३३, २४०० किंवा २६६६ अशा मूळ वेगावर चालते. ही नोंद काही बोर्डांवर `XMP`, काहींवर `DOCP` आणि डीडीआर५ च्या एएमडी बोर्डांवर `EXPO` या नावाने दिसते. दोन वेगवेगळ्या स्टिक असतील तर दोघी मिळून सर्वांत हळू असलेलीच्या वेगाने चालतात.

ही तपासणी मी स्लॉटनंतर ठेवली आहे, कारण स्टिकची जागा किंवा संख्या बदलली की वेगाची स्थिरता पुन्हा तपासावीच लागते. आधी केलेले काम वाया जाते.

स्टुडिओच्या यंत्रात चुकीचे स्लॉट ही पहिली चूक होती, २४०० वरच राहिलेला वेग ही दुसरी; तिसरी इथे दिसली. पहिली स्टिक एक्सएमपीची होती: ३२००, टायमिंग, म्हणजे प्रतिसाद द्यायला रॅमला लागणारा अवधी, १६-१८-१८, १.३५ व्होल्ट, मूळ वेग २४००. कोल्हापुराहून आणलेली दुसरी स्टिक १.२ व्होल्टवर आणि २२-२२-२२ या सैल टायमिंगवर मुळातच ३२०० ने चालणारी होती. दोन्हींवर छापलेला आकडा एकच असल्याने दुकानदाराने ‘सेम टू सेम’ म्हणून दिली होती. एक्सएमपी चालू केल्यावर पहिल्या स्टिकचे घट्ट टायमिंग दुसरीवरही लादले गेले. यंत्र तीन वेळा आपोआप बंद-चालू झाले आणि बोर्डाने मूळ सेटिंगवर परत आणून ठेवले. असे झाले म्हणजे काही जळले असे नाही. बोर्डाने प्रयत्न करून माघार घेतली, एवढाच त्याचा अर्थ असतो. यंत्र स्वतःहून परतले नाही, तर पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने सीमॉस रिसेट करावे.

मग एक्सएमपी बंद ठेवून वेग हाताने ३२००, टायमिंग दोघींना झेपेल असे २२-२२-२२-५२ आणि व्होल्टेज १.२ च ठेवले. यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. टायमिंग सैल केल्याने तोटा होत नाही का, असा प्रश्न इथे कुणी विचारेल. थोडा होतो, पण ग्राफिक्सला एखादी गोष्ट क्षणभर आधी मिळण्यापेक्षा एकूण ओघ मोठा असणे अधिक उपयोगी पडते, म्हणून टायमिंग वाचवण्यासाठी वेग सोडू नये. ३२०० जमले नसते तर मी २९३३ वर थांबलो असतो. व्होल्टेज वाढवत बसलो नसतो.

यानंतर स्थिरता तपासणे अत्यावश्यक आहे. मी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवतो. त्यात एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणावा. संपादनाच्या यंत्रावर चुकीची रॅम म्हणजे कधी तरी बिघडलेली व्हिडिओ फाइल, आणि लग्न पुन्हा लावता येत नाही.

अखेर हिशेब असा झाला: सुरुवातीला १९.२ जीबी, स्लॉट बदलल्यावर ३८.४, वेग लावल्यावर ५१.२. `winsat mem` चा आकडा सुरुवातीच्या अडीचपटीच्या आसपास गेला. माझ्या नेहमीच्या ग्राफिक्स चाचणीत सेकंदाला सरासरी २१ चौकटी येत होत्या, त्या ४० झाल्या. बँडविड्थ अडीचपटीहून अधिक वाढूनही चौकटी दुपटीलाही थोड्या कमीच राहिल्या, कारण एकदा वाट मोकळी झाली की ग्राफिक्सच्या स्वतःच्या ताकदीची मर्यादा आड येते. दोन थरांच्या फुल एचडी व्हिडिओचा प्रिव्ह्यू अडखळायचा थांबला. चार थर आणि जड इफेक्ट टाकले की तो अजूनही अडखळतो, आणि तेवढ्या कामासाठी खरोखरच कार्ड लागते. हे मी मालकांना स्पष्ट सांगितले.

पाचवी: विकत घेण्याची वेळ आलीच तर

एकच स्टिक असेल तर दुसरी घ्यावीच लागते. बेळगावात हवी ती मिळाली नाही तर लोक कोल्हापूर गाठतात, आणि चुकीची आणली तर शंभर-एक किलोमीटरची फेरी पुन्हा पडते. म्हणून आधी जुन्या स्टिकच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढून सोबत न्यावा. डीडीआर४ की डीडीआर५, लॅपटॉपची की डेस्कटॉपची, वेग, टायमिंग आणि व्होल्टेज एवढे जुळले पाहिजे. त्याच कंपनीची, त्याच पार्ट नंबरची मिळाली तर उत्तम, पण तो हट्ट धरण्याची गरज नाही.

क्षमता सारखीच हवी का? असल्यास बरे. १६ सोबत ८ लावली तर बहुतेक यंत्रे दोन्हींतील ८-८ जीबी जोडीने चालवतात आणि उरलेले ८ जीबी एका चॅनलवर चालतात. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणते. बजेट कमी असेल तर हा चालण्याजोगा मार्ग आहे. नवीन यंत्र घेत असाल तर १६ च्या एका स्टिकऐवजी ८-८ ची जोडी मागावी.

एका निरुपयोगी उपायाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तो फार सुचवला जातो. बायोसमध्ये `UMA Frame Buffer Size` वाढवून २ जीबी केले की ग्राफिक्स वेगवान होते, असा समज आहे. त्या सेटिंगने रॅमचा एक तुकडा ग्राफिक्ससाठी राखून ठेवला जातो. तो तुकडा त्याच रॅममध्ये असतो आणि त्याच वाटेने वाचला जातो. एखादा गेम कमी मेमरी पाहून सुरूच होत नसेल तर त्याचा उपयोग होतो. ८ जीबीच्या यंत्रात मात्र विंडोजच्या वाट्याची रॅम घटून उलटा त्रास होतो.

कुठे थांबावे आणि जाणकाराकडे न्यावे

एका बाजूच्या चॅनलवर कोणतीच चांगली स्टिक दिसत नसेल, तर प्रोसेसर नीट न बसणे, त्याची किंवा सॉकेटची पिन वाकणे, कूलर एका बाजूने जास्त आवळला जाणे किंवा बोर्डाचा स्लॉट निकामी होणे, यांपैकी काहीतरी असते. प्रोसेसर स्वतः उचलून पाहू नये. रायझनच्या एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या खालच्या बाजूस असतात आणि कूलर ओढताना सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. असे वाकलेले प्रोसेसर मी सरळ केले आहेत, पण सगळे वाचले नाहीत.

लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि स्क्रूवर सील असेल, मागचे झाकण काढल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा रॅम पूर्ण सोल्डर केलेली असून मोकळा स्लॉटच नसेल, तर तिथेच थांबावे. बॅटरी फुगलेली असेल तर यंत्र वापरणेही बंद करावे. सोल्डर केलेल्या रॅमसाठी बाहेरून काही जोडता येत नाही. त्या लॅपटॉपची बँडविड्थ जी आहे तीच राहील. सोबत एक स्लॉट मोकळा असेल तर बॅटरीची जोडणी काढून स्टिक बसवणे सोपे आहे, पण ती जोडणी कुठे आहे हे ओळखता येत नसेल तर ते काम दुकानातच करून घ्यावे.

सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीत ठेवूनही मेमटेस्टमध्ये चुका येत असतील, तर त्या स्टिकवर आणखी वेळ घालवू नये; बिल शोधून वॉरंटीत बदलून घ्यावी. आणि बायोस अपडेट केल्याशिवाय रॅम चालणार नाही, असे कुणी सांगितले आणि घरी यूपीएस नसेल, तर ते काम यूपीएस असलेल्या दुकानात न्यावे. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर रॅमचा प्रश्न बाजूला राहून बोर्डच बंद पडतो.